अदलाबदली तिन्हींत ६००च, मग तुलनांमध्ये एवढी तफावत कशाने?

ग्रंथमित्र

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांची यादी आडनावांच्या क्रमाने ठेवण्यासाठी दोन विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. यादीत १२०० नावे आधीच क्रमाने लागलेली आहेत. नवा सभासद आला की त्याचे रेकॉर्ड फाइलच्या शेवटी जोडले जाते आणि मग संपूर्ण यादी पुन्हा क्रमाने लावली जाते. विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून आम्ही बबल, सिलेक्शन आणि इन्सर्शन हे तिन्ही सॉर्ट लिहून प्रत्येकात दोन मोजणीदार घातले, एक तुलनांचा आणि दुसरा अदलाबदलींचा.

चाचणीसाठी नावांऐवजी १ ते १२०१ हे आकडे घेतले. ६०१ हा आकडा मधून काढून शेवटी ठेवला, बाकी सगळे जागच्या जागी. म्हणजे नवा सभासद बरोबर मध्यावर बसायला हवा. निकाल असा आला: अदलाबदली तिन्ही पद्धतींत ६००. तुलना मात्र इन्सर्शनमध्ये १,८००, बबलमध्ये ५,४०,९०० आणि सिलेक्शनमध्ये ७,२०,६००.

जवळपास लागलेल्या यादीवर बबल सॉर्ट चांगला चालतो असे वर्गात शिकवले जाते, आणि एकच रेकॉर्ड जागेवर नसलेल्या यादीपेक्षा अधिक लागलेली यादी ती कोणती? मग बबलच्या तुलना पाच लाखांवर कशा गेल्या, आणि अदलाबदली तिन्हींत नेमक्या सारख्या कशा आल्या? मोजणीदारातच काही घोळ आहे का, अशी विद्यार्थ्यांना शंका आहे.

घाटमाथा

मोजणीदारात घोळ नसावा, प्रोग्रॅममध्ये फ्लॅग राहून गेला असावा. एका फेरीत एकही अदलाबदल झाली नाही तर थांबायचे, ही अट नसेल तर बबल सॉर्ट सगळ्या फेऱ्या मारतच राहतो. अट घातली की जवळपास लागलेली यादी दोन-तीन फेऱ्यांत संपते आणि तुलना अडीच ते साडेतीन हजारांच्या घरात येतात. आम्ही डिप्लोमाला असेच लिहीत होतो.

ग्रंथमित्र

फ्लॅग आहे. बबलचा भाग जसाच्या तसा देतो.

```c
for (end = n - 1; end > 0; end--) {
    swapped = 0;
    for (j = 0; j < end; j++) {
        cmp++;
        if (a[j] > a[j+1]) {
            swap(&a[j], &a[j+1]);
            swp++; swapped = 1;
        }
    }
    if (!swapped) break;
}
```

अवंती_न

कोड बरोबर आहे आणि आकडेही बरोबर आहेत. घाटमाथा यांचे म्हणणे एका प्रकारच्या यादीला लागू पडते, आपल्या यादीला नाही. आठच आकडे घेऊन प्रत्येक फेरीनंतर काय उरते ते पाहिले की कारण दिसते. इथे सर्वांत लहान आकडा शेवटी आहे.

```
2 3 4 5 6 7 8 1
2 3 4 5 6 7 1 8
2 3 4 5 6 1 7 8
2 3 4 5 1 6 7 8
```

फेरी डावीकडून उजवीकडे जाते. वाटेत मोठा आकडा हाती लागला तर त्याला ती त्याच फेरीत शेवटापर्यंत ढकलत नेते, पण लहान आकड्याची गाठ फेरीत एकदाच पडते आणि तो फक्त एक घर डावीकडे सरकतो. त्यामुळे शेवटच्या १ ला पहिल्या घरात यायला सात फेऱ्या लागतात, प्रत्येक फेरीत एक तरी अदलाबदल झालेली असते आणि फ्लॅगला थांबण्याचे निमित्तच मिळत नाही. तुलना होतात ७+६+५+४+३+२+१, म्हणजे २८, जितक्या पूर्ण उलट्या यादीला झाल्या असत्या तितक्याच.

आता हीच यादी दुसऱ्या बाजूने बिघडवा: `8 1 2 3 4 5 6 7`. पहिल्या फेरीत ८ थेट शेवटी जातो, दुसऱ्या फेरीत अदलाबदल होत नाही, काम थांबते. तुलना ७+६, म्हणजे १३. दोन्ही याद्यांत एकच आकडा जागेवर नाही आणि दोन्हींत अदलाबदली सातच होतात, तरी एकीला २८ तुलना आणि दुसरीला १३. इन्सर्शन सॉर्टला मात्र दोन्ही याद्यांवर १३च तुलना लागतात. रेकॉर्ड कोणत्या बाजूने चुकले आहे याने त्याला फरक पडत नाही.

आपल्या यादीत ६०१ ला ६०० घरे डावीकडे यायचे आहे, म्हणून ६०० फेऱ्या, आणि सगळे जागेवर आले याची खातरजमा करणारी आणखी एक. पहिल्या फेरीत १२०० तुलना, दुसरीत ११९९, असे करत ६०१ व्या फेरीत ६००. बेरीज ५,४०,९०० येते. फाइलच्या शेवटी नवे रेकॉर्ड जोडणे ही व्यवहारात सगळ्यांत नेहमीची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच डावीकडून चालणाऱ्या बबल सॉर्टची सर्वांत वाईट बाजू आहे. पुस्तकांतील उदाहरणांत बहुधा मोठा आकडा पुढे ठेवलेला असतो, म्हणून हे लक्षात येत नाही.

चौथी_घंटा

एवढा खटाटोप कशासाठी? सी मध्ये `qsort` आहे, सी++ मध्ये `std::sort` आहे. एक ओळ लिहावी आणि मोकळे व्हावे. नाहीतर सगळी यादी डेटाबेसमध्ये टाकून `ORDER BY` लावावे. सॉर्ट स्वतः लिहिण्याचे दिवस गेले.

प्राजक्ता_डी

चौथी_घंटा, प्रश्न यादी कशी लावावी असा नसून आकडे असे का आले असा आहे. तरीही आपण `std::sort`चे नाव काढलेत ते बरे झाले. जीसीसीसोबत येणाऱ्या त्याच्या आवृत्तीत यादीचे तुकडे करत जातात, आणि तुकडा १६ किंवा त्याहून कमी घटकांचा झाला की तो तसाच न लावता सोडून देतात. शेवटी संपूर्ण यादीवरून एकदाच इन्सर्शन सॉर्ट फिरवतात. तोवर प्रत्येक घटक आपल्या जागेपासून फार तर पंधरा घरे दूर असतो, म्हणून ही शेवटची फेरी स्वस्तात होते. पायथॉनच्या सॉर्टमध्येही, जो टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिला, आपोआप सापडलेले लागलेले तुकडे फार लहान असले तर ते इन्सर्शन सॉर्टनेच वाढवून घेतात. तेव्हा ती एक ओळ लिहिली तरी आत हे काम चालतेच. बबल किंवा सिलेक्शनला त्या ठिकाणी कोणी बसवलेले माझ्या पाहण्यात नाही.

ग्रंथमित्र

अवंतीताई, बबलचे कोडे सुटले. मुलांनी फळ्यावर आठ आकड्यांच्या सातही फेऱ्या मांडून पाहिल्या. पण अदलाबदलींचा दुसरा प्रश्न उरतोच. तिन्हींत ६०० हा योगायोग आहे का?

अवंती_न

दोघांपुरता योगायोग नाही, तिसऱ्यापुरता आहे.

यादीतील कोणतेही दोन घटक घ्या. त्यांत पुढे असलेला मोठा आणि मागे असलेला लहान असेल तर ती एक उलटी जोडी धरा. आपल्या यादीत ६०१ च्या आधी ६०२ ते १२०१ असे सहाशे मोठे आकडे आहेत, म्हणून उलट्या जोड्या सहाशे, आणि याखेरीज एकही नाही. शेजारच्या दोन घटकांची अदलाबदल केली की त्या दोघांचा आपसातील क्रम तेवढा बदलतो. बाकी सगळ्यांच्या तुलनेत ते दोघे पूर्वी होते त्याच बाजूला राहतात. म्हणजे एका अदलाबदलीने नेमकी एक उलटी जोडी मिटते, कमी नाही आणि जास्तही नाही. बबल आणि इन्सर्शन दोन्ही फक्त शेजाऱ्यांचीच अदलाबदल करतात, आणि तीही क्रम उलटा असेल तेव्हाच. म्हणून कोणतीही यादी दिली तरी या दोघांच्या अदलाबदली सारख्याच येणार. त्यांच्यातील सगळा फरक हा की पुढची उलटी जोडी शोधायला किती तुलना खर्ची पडतात.

सिलेक्शनचे गणित वेगळे आहे. तो लांबच्या दोन घटकांचीही अदलाबदल करतो आणि दर खेपेला एक घटक त्याच्या कायमच्या घरी बसवतो. ६०१ आपल्या जागी गेला की तिथला ६०२ उठून शेवटी जातो. मग ६०२ आपल्या जागी येतो आणि ६०३ शेवटी जातो. अशी सहाशे जणांची रांग एकापाठोपाठ शेवटच्या खुर्चीवर बसून उठते, म्हणून ६००. सगळे घटक एकाच साखळीत अडकलेले असताना सिलेक्शनची ही बाजू लंगडी पडते. साखळी छोटी असली की चित्र पालटते. `8 2 3 4 5 6 7 1` घ्या. इथे फक्त टोकाचे दोघे एकमेकांच्या जागी आहेत. सिलेक्शन एका अदलाबदलीत हे काम करतो. उलट्या जोड्या मात्र १३ आहेत, म्हणून बबल आणि इन्सर्शन दोघांनाही १३ अदलाबदली लागतात. तुलना सिलेक्शनच्या २८, बबलच्याही २८ आणि इन्सर्शनच्या १८.

सिलेक्शनच्या तुलनांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. उरलेल्यांतला सर्वांत लहान कोण हे ठरवायला त्याला उरलेले सगळे बघावेच लागतात, मग ते लागलेले असोत वा नसोत. १२०१ घटकांना ७,२०,६०० तुलना, एरवीही आणि यादी मुळात पूर्ण लागलेली असली तरीही.

घाटमाथा

डावीकडून जाण्यात अडचण आहे असे असेल तर फेरी उजवीकडून सुरू करावी. मग शेवटचा लहान आकडा एकाच फेरीत आपल्या जागी येईल, आणि फ्लॅगबद्दल मी म्हटले होते तेही खरे ठरेल.

ग्रंथमित्र

घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. दोन फेऱ्यांत काम झाले, तुलना २,३९९. आमच्या कामापुरते हे पुरेसे वाटते आहे.

अवंती_न

नवी रेकॉर्ड शेवटीच येत असतील तोवर पुरेल. पण एखाद्या सभासदाचे आडनाव दुरुस्त झाले आणि "अ" मध्ये असलेले रेकॉर्ड "स" मध्ये जायला हवे असे झाले, तर हाच प्रकार उलट बाजूने होईल. उजवीकडून येणारी फेरी त्याला एकेक घर पुढे सरकवत बसेल. एक फेरी डावीकडून आणि एक उजवीकडून अशी आळीपाळीने केली तर दोन्ही सांभाळले जातात. पण तेवढे करूनही इन्सर्शनच्या तुलनांपेक्षा खाली येता येत नाही, आणि कोड मात्र दुप्पट होतो.

याशिवाय एक गोष्ट आपल्या मोजणीदारांत दिसत नाही. इन्सर्शनमध्ये आपण अदलाबदल मोजली आहे, पण तो तसा लिहिण्याची गरज नसते.

```c
for (i = 1; i < n; i++) {
    key = a[i];
    for (j = i; j > 0 && a[j-1] > key; j--)
        a[j] = a[j-1];
    a[j] = key;
}
```

नवे रेकॉर्ड बाजूला उचलून ठेवायचे, मोठ्यांना एकेक घर उजवीकडे सरकवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी ते ठेवायचे. अदलाबदलीला तीन वेळा नक्कल करावी लागते, सरकवण्याला एकदा. म्हणजे ६०० अदलाबदलींना १,८०० नकला पडतात आणि इथे त्या रेकॉर्डसाठी ६०२. बबलला ही सवलत घेता येत नाही असे नाही, पण घेतली की तो हळूहळू इन्सर्शनसारखाच दिसू लागतो.

निरंजन_के

इन्सर्शनमध्ये जागा शोधायला एकेक मागे जाण्याऐवजी बायनरी सर्च वापरावा. १२०० घटकांत जागा शोधायला दहा-अकरा तुलना पुरतात. मग १,८०० कशाला?

प्राजक्ता_डी

शेवटच्या रेकॉर्डपुरते आपले बरोबर आहे, ६०१ ऐवजी दहा-अकरा तुलना होतील. पण बाकीचे ११९९ घटक आधीच जागेवर आहेत. साध्या इन्सर्शनमध्ये त्यांतील प्रत्येकाची शेजाऱ्याशी एक तुलना होते आणि विषय संपतो. बायनरी सर्च मात्र त्या प्रत्येकासाठी दहाच्या आसपास तुलना करत बसेल, आणि एकूण आकडा दहा हजारांच्या जवळ जाईल. म्हणजे जवळपास लागलेल्या यादीवर तो साध्या पद्धतीहून पाचपटींनी महाग पडतो. आधी शेजाऱ्याशी एक तुलना करावी आणि क्रम उलटा निघाला तरच बायनरी सर्चकडे जावे, असे लिहिले तर सुमारे १,२१० तुलनांत भागते. सरकवायची ६०० रेकॉर्ड मात्र कशानेही कमी होत नाहीत.

आणखी एक विचारते. यादी लागलेली आहे याची खात्री असेल तर त्या ११९९ तुलना तरी कशासाठी? फक्त नवे रेकॉर्ड घाला, ६०१ तुलना पुरेत.

ग्रंथमित्र

खात्री नसते हीच अडचण आहे. आमचे लिपिक अधूनमधून फाइल हाताने उघडून नावे दुरुस्त करतात, त्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण यादी तपासून घेतलेली बरी.

मिलीव्होल्ट

सिलेक्शनला इथे फारच कमी लेखले जात आहे, म्हणून माझे उदाहरण देतो. विहिरीच्या पाण्याची पातळी मोजणारे एक यंत्र मी एटीमेगा ३२८पी वर बनवले आहे. ६४ वाचने ईईपीरॉममध्ये साठवतो आणि मधले मूल्य काढण्यासाठी ती तिथेच क्रमाने लावतो. या ईईपीरॉममध्ये एक बाइट लिहायला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात आणि एका घरात लिहिण्याची हमी १,००,००० वेळांची आहे. वाचणे त्या मानाने फुकट आहे. पाणी उतरत असते तेव्हा वाचने पूर्ण उलट्या क्रमाने येतात. दोन बाइटांचे एक वाचन धरले तर इन्सर्शनला २,०७९ वेळा लिहावे लागते, म्हणजे चौदा सेकंद. सिलेक्शनला ३२ अदलाबदली, म्हणजे ६४ वेळा लिहिणे, अर्ध्या सेकंदाहून कमी. तुलना २,०१६ झाल्या तरी माझे काही बिघडत नाही.

अवंती_न

आपला हिशेब बरोबर आहे आणि तुलना स्वस्त, लिहिणे महाग असे जिथे असते तिथे सिलेक्शनलाच पसंती द्यायला हवी. तरीही एक सुचवते. त्या चिपमध्ये २ किलोबाइट रॅम आहे आणि आपली वाचने १२८ बाइटांची आहेत. ती रॅममध्ये आणून कोणत्याही पद्धतीने लावा आणि `EEPROM.update()` ने परत लिहा, म्हणजे बदललेलेच बाइट लिहिले जातील. या मार्गाने फार तर १२८ बाइट लिहावे लागतात. सिलेक्शन जागच्या जागी केला तर वाईट वेळी ६३ अदलाबदली होतात, म्हणजे २५२ बाइट.

मिलीव्होल्ट

रॅममध्ये आणले आणि मधेच वीज गेली तर? आमच्याकडे दिवसातून दोनदा जाते.

अवंती_न

रॅममध्ये लावत असताना गेली तर ईईपीरॉम जसेच्या तसे राहते, उलट तेच बरे. परत लिहीत असताना गेली तर काही वाचने दोनदा दिसतील आणि काही हरवतील हे खरे. पण सिलेक्शनमध्येही अदलाबदलीच्या मध्यावर वीज गेली तर एक वाचन जातेच. मूळ वाचने वेगळ्या जागेत न हलवता ठेवणे हा उपाय मला अधिक सरळ वाटतो.

मिलीव्होल्ट

एक वाचन जाणे आणि पंधरा जाणे यांत माझ्या दृष्टीने फरक आहे. विचार करतो.

निरंजन_के

आमच्याकडे गुणवत्ता यादीत सिलेक्शनने एकदा गोंधळ झाला होता, तो इथे सांगण्याजोगा आहे. यादी आधी नावांच्या क्रमाने होती आणि मग गुणांनी लावायची होती. समान गुण असलेल्यांचा नावांचा क्रम तसाच राहायला हवा होता. सिलेक्शनमध्ये पुढचा घटक उठून थेट लांब फेकला जातो आणि वाटेतल्या समान गुणवाल्यांना ओलांडून जातो, त्यामुळे तो क्रम विस्कटला. इन्सर्शन आणि बबलमध्ये समान असल्यावर अदलाबदल होतच नाही, म्हणून तसे घडत नाही. अट `>` ऐवजी `>=` लिहिली तर मात्र इन्सर्शनमध्येही समान गुणवाले उलटेपालटे होतात.

ग्रंथमित्र

एकाच आडनावाचे सभासद आमच्याकडे भरपूर आहेत आणि ते सभासदत्वाच्या तारखेने राहावेत असा रिवाज आहे, तेव्हा सिलेक्शन बाद झाला असे समजतो. इन्सर्शन ठेवतो आहोत.

एक शंका उरली आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की एकदम २०० नवे सभासद येतात आणि सगळे यादीच्या शेवटी, कसल्याही क्रमाविना. १,४०० पैकी १,२०० लागलेलेच असतात. ही यादीही जवळपास लागलेलीच म्हणायची का?

प्राजक्ता_डी

डोळ्याला तशी दिसते, पण उलट्या जोड्या मोजा. प्रत्येक नव्या नावाला सरासरी सहाशे जुन्यांना ओलांडायचे आहे, म्हणजे सुमारे १,२०,००० जोड्या, आणि नव्यांच्या आपसातील साधारण १०,०००. इन्सर्शनला १,३०,००० वेळा रेकॉर्ड सरकवावे लागेल. त्यापेक्षा ते २०० आधी वेगळे लावून घ्यावेत, तेवढ्याला १०,००० पुरतात, आणि मग दोन्ही लागलेल्या याद्या वरून खाली एकदा जुळवत न्याव्यात, ज्याला १,४०० पेक्षा कमी तुलना लागतात.

घाटमाथा

१,३०,००० म्हणजे संगणकाला काहीच नाही. जूनमध्ये एकदाच चालवायचे आहे, तर आहे तोच इन्सर्शन चालवावा.

प्राजक्ता_डी

रेकॉर्ड किती बाइटांचे आहे यावर ते अवलंबून आहे. ग्रंथमित्र, आपल्या स्ट्रक्चरमध्ये पत्ता, दूरध्वनी, घेतलेल्या पुस्तकांची यादी हे सगळे असेल तर रेकॉर्डऐवजी फक्त पॉइंटर सरकवावेत. मग तुलना हाच मोठा खर्च राहील, कारण देवनागरी आडनावांची जोडाक्षरे आणि मात्रांसह तुलना करणे हे दोन आकड्यांच्या तुलनेइतके सोपे नसते.

ग्रंथमित्र

स्ट्रक्चर ३२० बाइटांचे आहे. विद्यार्थी या आठवड्यात पॉइंटर वापरून लिहीत आहेत. दोन्ही प्रकारे वेळ मोजून आकडे इथे देतो.